डायोड आत्ता सुरू आहे की बंद?

मोटारीच्या इंजिनाला पट्ट्याने जोडलेला अल्टरनेटर फिरू लागला की त्यात तयार होणारी वीज सारखी दिशा बदलत राहते. बॅटरी मात्र एकाच दिशेने येणाऱ्या करंटने भरते. मग ही दिशा बदलणारी वीज बॅटरी भरते कशी? आणि त्याहून विचार करायला लावणारा प्रश्न म्हणजे, गाडी रात्रभर बंद उभी असते तेव्हा भरलेली बॅटरी त्याच तारांमधून अल्टरनेटरमध्ये उलटी रिकामी का होत नाही? वाटेत कोणी स्विच बंद करायला बसलेले नसते. पेट्रोल-डिझेलच्या कोणत्याही मोटारीचे बॉनेट उघडले तर या कोड्याचे उत्तर अल्टरनेटरच्या पाठीमागच्या झाकणाखाली असते. तिथे अल्युमिनियमच्या पट्ट्यांमध्ये दाबून बसवलेले साधारणपणे सहा सिलिकॉन डायोड असतात.

बारावीच्या भौतिकशास्त्रात अर्धवाहकांच्या प्रकरणात नेमका हाच परिपथ थोड्या सोप्या रूपात येतो. आधी डायोडचा आलेख वाचायचा, मग बॅटरी आणि रोधक असलेल्या परिपथातला करंट काढायचा आणि शेवटी रेक्टिफायरचे तरंग रेखाटायचे. बहुतेक विद्यार्थी ही तीन वेगवेगळी कामे समजून तीन वेगवेगळ्या पद्धती पाठ करतात. मला वाटते, गोंधळाचे मूळ तिथेच आहे. या सगळ्या गणितांत विचारलेला प्रश्न एकच असतो: या क्षणी डायोडचा अॅनोड त्याच्या कॅथोडपेक्षा पुरेसा वर आहे का? आलेख ‘पुरेसा’ म्हणजे किती ते सांगतो, बॅटरीच्या गणितात हा प्रश्न एकदाच विचारायचा असतो आणि तरंग काढताना तो क्षणाक्षणाला विचारायचा असतो.

आलेख वाचताना पहिली चूक

डायोडच्या आलेखात आडव्या अक्षावर व्होल्टेज आणि उभ्या अक्षावर करंट असतो. उजवीकडे, म्हणजे फॉरवर्ड बायसमध्ये, वक्र बराच काळ अक्षाला चिकटून चालतो आणि ०.६ ते ०.७ व्होल्टच्या आसपास झपकन वर उठतो. डावीकडे, रिव्हर्स बायसमध्ये, तो जवळजवळ सपाट असतो. पण पाठ्यपुस्तकातल्या आकृतीकडे पुन्हा नीट पाहा. उजवीकडचे भाग व्होल्टच्या दशांशाचे असतात, डावीकडचे दहा-दहा किंवा शंभर-शंभर व्होल्टचे. वर मिलिअँपिअर लिहिलेले असते, खाली मायक्रोअँपिअर. एकाच कागदावर दोन वेगळ्या मापपट्ट्या असतात, कारण एकाच पट्टीवर दोन्ही बाजू काढल्या तर डावी बाजू दिसणारच नाही. म्हणून आरंभबिंदूपाशी वक्राला जी मोड दिसते ती बऱ्याच अंशी मापपट्टी बदलल्यामुळे येते, डायोडमध्ये तिथे अचानक काही घडत नाही. आलेखावरून एखादी किंमत वाचण्याआधी अक्षावरचे एकक वाचावे. नाहीतर उत्तर हजारपट चुकते.

दुसरी अडचण रोधाची. समजा आलेखावर ०.७० व्होल्टला १० मिलिअँपिअर आणि ०.७४ व्होल्टला २० मिलिअँपिअर दिसतात. डायोडचा रोध किती? ०.७० ला ०.०१० ने भागले तर ७० ओहम येतात. दुसऱ्या बिंदूवर भागाकार केला तर ३७ ओहम. आणि व्होल्टेजमधला फरक, ०.०४, करंटमधल्या फरकाने, ०.०१०, भागला तर फक्त ४ ओहम. तिन्ही भागाकार बरोबर आहेत. पहिल्या दोघांना त्या त्या बिंदूवरचा स्थिर रोध म्हणतात आणि तिसऱ्याला गतिक रोध, म्हणजे व्होल्टेज किंचित हलले तर करंट किती हलतो याचे माप. रोधकासाठी ही तिन्ही उत्तरे सारखीच आली असती, कारण त्याचा आलेख सरळ रेषा असतो. डायोडला स्वतःचा असा एक ठरलेला रोध नसतो. त्यामुळे डायोड असलेल्या परिपथात ओहमचा नियम डायोडवर लावता येत नाही, तो शेजारच्या रोधकावर लावावा लागतो. पुढची सगळी गणिते या एका वाक्यावर उभी आहेत.

०.७ व्होल्ट कुठून येतात

सिलिकॉनच्या एकाच तुकड्यात एका बाजूला बोरॉनसारखी भेसळ करून मोकळ्या जागा, म्हणजे होल, वाढवलेले असतात. तो पी-प्रकार. दुसऱ्या बाजूला फॉस्फरससारखी भेसळ करून मोकळे इलेक्ट्रॉन वाढवलेले असतात. तो एन-प्रकार. दोन्ही जिथे भेटतात तिथे सीमेलगतचे इलेक्ट्रॉन पलीकडे जाऊन होलमध्ये पडतात आणि मधला एक अतिशय पातळ थर वाहकांविना उरतो. या थरात मागे राहिलेल्या भारित अणूंमुळे एक विद्युत अडसर तयार होतो आणि पुढची ये-जा थांबते. हा अडसर शेताच्या बांधासारखा समजावा. मागे पाणी पुरेसे चढले तरच ते पलीकडे जाते. बाहेरची बॅटरी पी-बाजूला धन टोक लावून जोडली तर बांध खुजा होतो, उलटी जोडली तर तो आणखी उंच होतो. मात्र ही उपमा एका जागी अपुरी पडते. बांधावरून पाणी ठरावीक उंचीलाच वाहू लागते, डायोडमध्ये करंट सुरुवातीपासूनच थोडा थोडा असतो आणि ठरावीक व्होल्टेज वाढले की दहापट होतो, पुन्हा तेवढेच वाढले की आणखी दहापट. मिलिअँपिअरच्या मापपट्टीवर सुरुवातीचा भाग दिसत नाही, म्हणून वक्र ०.७ ला उठल्यासारखा वाटतो.

याचा पुरावा कोणत्याही आयटीआयच्या बाकावर मिळतो. मल्टिमीटर डायोडच्या खुणेवर ठेवून 1N4007 हा नेहमीचा डायोड तपासला तर पडद्यावर बहुतेक वेळा ०.७ नाही, ०.५ ते ०.६ च्या आसपास आकडा येतो. मीटर बिघडलेला नसतो. तो डायोडमधून साधारण एक मिलिअँपिअर एवढाच करंट पाठवतो आणि एवढ्या करंटला तेवढेच व्होल्टेज पुरते. त्याच डायोडमधून एक अँपिअर गेला तर त्याच्या दोन टोकांमध्ये ०.९ व्होल्टच्याही वर आकडा जाऊ शकतो. गणितात घेतलेले ०.७ ही एक सोयीची, मधली किंमत आहे, आणि काही मिलिअँपिअर ते शंभरएक मिलिअँपिअरच्या शालेय परिपथांत ती चांगली चालते.

गृहीत धरा, मग तपासा

तीन व्होल्टची बॅटरी, २३० ओहमचा रोधक आणि सरळ जोडलेला एक सिलिकॉन डायोड. डायोडने ०.७ घेतले, रोधकावर २.३ उरले, करंट १० मिलिअँपिअर. इतके सोपे गणित असले की विद्यार्थी एक सवय लावून घेतो: डायोडच्या खुणेतला बाण बॅटरीच्या ऋण टोकाकडे दिसला की डायोड सुरू, आणि त्यावर ०.७. ही सवय पुढच्या गणितात फसवते.

सहा व्होल्टची बॅटरी घ्या. तिच्याशी १९०० ओहम आणि १०० ओहमचे दोन रोधक एकसरीत जोडा. आता १०० ओहमच्या रोधकाला समांतर एक सिलिकॉन डायोड लावा, अॅनोड धन बाजूला. बाण बरोबर दिशेने आहे. डायोडमधून किती करंट जाईल? सवयीप्रमाणे डायोड सुरू धरू. मग १०० ओहमवर ०.७ व्होल्ट, म्हणजे त्यातून ७ मिलिअँपिअर. १९०० ओहमवर उरले ५.३ व्होल्ट, म्हणजे त्यातून २.७९ मिलिअँपिअर. पण हा २.७९ चा प्रवाह पुढे दोन वाटांत विभागला जायचा आहे आणि त्यातली एकच वाट ७ मागते आहे. हिशेब जुळवायचा तर डायोडमधून ४.२१ मिलिअँपिअर उलटे यायला हवेत. डायोड उलटा करंट देत नाही. म्हणजे गृहीतक चुकले. आता डायोड बंद धरू. दोन रोधक मिळून २००० ओहम, करंट ३ मिलिअँपिअर, १०० ओहमवर ०.३ व्होल्ट. ते ०.७ पेक्षा कमी आहेत, म्हणून डायोड खरोखर बंद आहे आणि उत्तर जुळते.

यातून पद्धत स्पष्ट होते. डायोड सुरू धरला असेल तर शेवटी त्यातला करंट अॅनोडकडून कॅथोडकडे येतो का ते पाहायचे. बंद धरला असेल तर त्यावरचे व्होल्टेज ०.७ पेक्षा कमी येते का ते पाहायचे. दोनपैकी एकच गृहीतक तपासणीत टिकते. जर्मेनियम आणि सिलिकॉनचे डायोड समांतर जोडलेले नेहमीचे गणितही याच मार्गाने सुटते. जर्मेनियम ०.३ व्होल्टलाच सुरू होतो, त्यामुळे सिलिकॉनला ०.७ मिळतच नाहीत आणि तो बंद राहतो.

तरंग म्हणजे तोच प्रश्न, पुन्हा पुन्हा

आता बॅटरीच्या जागी ट्रान्सफॉर्मर. त्याच्या दुय्यम वेटोळ्यावर ६ व्होल्ट लिहिलेले असतात. हा आकडा वर्गमध्यमूळाचा, म्हणजे उष्णतेच्या दृष्टीने समतुल्य डीसीचा आहे. तरंगाचे शिखर त्याच्या १.४१४ पट, सुमारे ८.५ व्होल्ट, असते. आकृतीत शिखरावर ६ लिहिणे ही या प्रकारच्या गणितांतली नेहमीची चूक आहे.

एकच डायोड आणि एक रोधक असलेल्या अर्धतरंग रेक्टिफायरमध्ये प्रत्येक क्षणी विचारा: डायोड सुरू आहे का? पुरवठा शून्यापासून ०.७ पर्यंत चढेपर्यंत नाही. ५० हर्ट्झच्या विजेत एक आवर्तन २० मिलिसेकंदांचे, त्यात ही चढण सुमारे पाव मिलिसेकंद घेते. त्यानंतर डायोड सुरू होतो आणि रोधकावर पुरवठा वजा ०.७ दिसतो, म्हणजे शिखर ७.८. पुरवठा पुन्हा ०.७ च्या खाली आला की बंद, आणि ऋण अर्ध्या भागात तो पूर्ण वेळ बंद. रोधकावर शून्य.

बरेच जण इथे थांबतात. डायोडवरचे व्होल्टेज काढायचे राहून जाते, आणि चूक पकडण्याचे साधन तेच आहे. कागदावर एकाखाली एक तीन आलेख काढा, वेळेचा अक्ष तिघांना सामाईक: पुरवठा, रोधक, डायोड. कोणत्याही उभ्या रेषेवर खालच्या दोघांची बेरीज वरच्याएवढी यायलाच हवी. शिखरावर ७.८ आणि ०.७ मिळून ८.५. ऋण शिखरावर रोधकावर शून्य, म्हणून डायोडवर पूर्ण उणे ८.५. डायोडला सोसावे लागणारे हे सर्वांत मोठे उलटे व्होल्टेज पाठ करायची वेगळी गरज उरत नाही, ते तिसऱ्या आलेखात आपोआप दिसते.

चार डायोडच्या ब्रिजमध्ये करंटच्या वाटेत प्रत्येक वेळी दोन डायोड येतात, म्हणून १.४ व्होल्ट जातात आणि शिखर ७.१ वर येते. ऋण अर्धा भागही उलटून वर येतो, तरंगाची वारंवारता १०० हर्ट्झ होते. पण दोन उंचवटे पाठ्यपुस्तकातल्या आदर्श आकृतीसारखे एकमेकांना टेकत नाहीत. पुरवठा उणे १.४ ते अधिक १.४ च्या दरम्यान असेपर्यंत एकही जोडी सुरू नसते, आणि प्रत्येक दोन उंचवट्यांमध्ये सुमारे एक मिलिसेकंदाचा सपाट शून्य भाग राहतो.

> चौकट: कागदावर पेन टेकवण्याआधी
> अक्षांची एकके वाचा आणि वर्गमध्यमूळ किंमतीवरून शिखर काढा. त्या क्षणी करंटच्या वाटेत किती डायोड आहेत ते बोटाने वाट फिरून मोजा. सुरू किंवा बंद गृहीत धरा, करंटची दिशा किंवा व्होल्टेज तपासा. शेवटी रोधक आणि डायोड यांच्या आलेखांची बेरीज पुरवठ्याशी जुळते का ते पाहा.

आदर्श डायोड पुरत नाही का?

यावर एक रास्त आक्षेप आहे. प्रश्नपत्रिकेत बहुधा ‘डायोड आदर्श माना’ असे लिहिलेले असते, आकृतीला गुण मिळतात, मग ०.७ ची आणि पाव मिलिसेकंदाची उठाठेव कशाला? जिथे तसे लिहिले आहे तिथे आदर्शच मानावा, यात वाद नाही. पण तसे मानणे कधी चालते हे कळायला हवे. वरच्या ब्रिजची सरासरी डीसी किंमत आदर्श सूत्राने, म्हणजे शिखराच्या दुपटीला पायने भागून, ५.४ व्होल्ट येते. डायोडचे १.४ धरले तर ती ४.१ च्या आसपास उतरते. जवळजवळ चौथा हिस्सा गेला. हाच ब्रिज थेट २३० व्होल्टच्या घरगुती विजेवर असेल, जसा मोबाइलच्या चार्जरच्या आत असतो, तर शिखर ३२५ व्होल्ट आणि त्यातले १.४ म्हणजे अर्धा टक्काही नाही. तिथे आदर्श डायोड बेलाशक माना. निर्णय व्होल्टेजच्या गुणोत्तरावर ठरतो.

मोटारीचा अल्टरनेटर पहिल्या प्रकारात मोडतो. बॅटरीला सुमारे १४ व्होल्ट हवेत आणि वाटेतले दोन डायोड मोठ्या करंटला मिळून दीड व्होल्ट घेतात असे धरू. ६० अँपिअर चालू असताना ही ९० वॅटची निव्वळ उष्णता झाली. डायोड अल्युमिनियमच्या पट्ट्यांत दाबून बसवायचे आणि त्यांवर पंख्याची हवा सोडायची ती याचसाठी. गाडी बंद असताना हेच डायोड बॅटरीच्या १२ व्होल्टखाली उलटे धरलेले असतात. आलेखाच्या डाव्या, सपाट बाजूचा उपयोग तो हा.

दुसरा आक्षेप कार्यक्षमतेचा. अर्धतरंग रेक्टिफायरची कमाल कार्यक्षमता ४०.६ टक्के आणि पूर्णतरंगाची ८१.२ टक्के असे सूत्र पाठ असते. मग उरलेले ५९ टक्के डायोडमध्ये जळतात का? हे आकडे आदर्श डायोडसाठीच काढलेले आहेत, आणि आदर्श डायोडमध्ये काहीच जळत नाही. उरलेली शक्तीही रोधकालाच मिळते, फक्त ती स्थिर डीसीच्या रूपात नसून तरंगाच्या चढउतारात असते. हा चढउतार स्थिर भागाच्या तुलनेत किती, त्याला रिपल फॅक्टर म्हणतात. अर्धतरंगाला तो १.२१ असतो आणि पूर्णतरंगाला ०.४८.

कपॅसिटर लावल्यावर काय बदलते

रिपल कमी करायला रोधकाला समांतर कपॅसिटर लावतात. आता डायोडचा प्रश्न तोच, पण कॅथोड शून्यावर नसून भरलेल्या कपॅसिटरच्या व्होल्टेजवर बसलेला आहे. म्हणून डायोड फक्त शिखराजवळ थोडा वेळ सुरू होतो आणि बाकी वेळ रोधकाला कपॅसिटर पोसतो. आपल्या ब्रिजवर १००० मायक्रोफॅरड आणि १०० ओहम असतील तर करंट सुमारे ७० मिलिअँपिअर, आणि दोन शिखरांमधल्या १० मिलिसेकंदांत व्होल्टेज साधारण ०.७ ने उतरते. ही किंमत किंचित जास्तच आहे, कारण भरणे पुढच्या शिखराच्या थोडे आधीच सुरू होते. अर्धतरंगात हीच वाट २० मिलिसेकंदांची असल्याने उतार दुपटीहून थोडा जास्त होतो.

आणि एक गोष्ट सूत्र पाठ करणाऱ्याच्या हातून हमखास निसटते. अर्धतरंगात कपॅसिटर लावला की डायोडवरचे उलटे व्होल्टेज ८.५ राहत नाही. ऋण शिखराला अॅनोड उणे ८.५ वर आणि कॅथोड अजून अधिक ७ च्या आसपास असतो. डायोडने सुमारे १६ व्होल्ट सोसायला हवेत, जवळजवळ दुप्पट. तीन आलेखांची पद्धत इथेही न बदलता चालते.

शिक्षकांना एक विनंती

सराव प्रश्नसंचात ब्रिजमधला एक डायोड तुटलेला, म्हणजे करंट न जाऊ देणारा, असा एक प्रश्न घालावा, आणि दुसऱ्यात एक डायोड उलटा जोडलेला. तुटलेल्या डायोडचे तरंग काढले की अर्धतरंग मिळतो आणि वारंवारता १०० वरून ५० हर्ट्झवर येते. कारखान्यातला इलेक्ट्रिशियन ऑसिलोस्कोपवर हाच फरक पाहून बिघाड ओळखू शकतो. उलट्या डायोडचे तरंग काढायला गेले की वेगळेच दिसते. एका अर्ध्या भागात करंटला वाटच मिळत नाही. दुसऱ्या अर्ध्या भागात तो दोन सुरू डायोडमधून, रोधकाला न शिवता, ट्रान्सफॉर्मरच्या एका टोकाकडून दुसऱ्या टोकाकडे जातो. म्हणजे सरळ शॉर्ट सर्किट. पाठ केलेली आकृती इथे काहीच मदत करत नाही, वाट बोटाने फिरूनच पाहावी लागते. असे दोन प्रश्न प्रश्नसंचात असलेच पाहिजेत.